दोन डोळ्यांचं टिपरं

आमच्या वाळवा तालुक्यात डोळा म्हटलं की आधी उसाचा आठवतो. लागणीला दोन डोळ्यांचं टिपरं तोडतात, कारण एक डोळा किडला किंवा कुजला तरी दुसरा फुटतो आणि सरीत तूट पडत नाही. त्यामुळे तोक्योत एका जिन्यावरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ गोच्या पटावर बोट ठेवून म्हणाले, “दोन डोळे असले की जगतो,” तेव्हा मी लगेच मान डोलावली. भाचीने भाषांतर पुरं करायच्या आतच. मला वाटलं, दुसरा डोळा राखीव असणार. ही समजूत साफ चुकीची होती आणि ती मोडायला पुढच्या दहा-बारा दुपारी गेल्या.

भाची नोकरीसाठी तिथे राहते. मी महिनाभर तिच्याकडे गेलो होतो, आणि दिवसभर घरात बसून कंटाळू नये म्हणून तिने मला स्टेशनजवळच्या गोकाइशोत नेऊन बसवलं. गोकाइशो म्हणजे गो खेळण्याची बैठक. दिवसाचे पैसे भरायचे, चहा घ्यायचा आणि जो जोडीदार मिळेल त्याच्याशी खेळायचं. खोलीत निवृत्त लोकच जास्त. कोणी फारसं बोलत नव्हतं, फक्त खडे पटावर टेकल्याचा टक-टक आवाज. मला शिकवायला बसलेल्या गृहस्थांना सगळे सेन्सेई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

गोचा मोठा पट १९ रेघा गुणिले १९ रेघांचा. माझ्यासमोर मात्र त्यांनी ९ रेघांचा छोटा पट मांडला. खडे चौकोनात नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या चौफुलीवर ठेवायचे. आधी काळा, मग पांढरा, आळीपाळीने एकेक. एकदा ठेवलेला खडा सरकत नाही. त्याला रेघेने लागून असलेल्या रिकाम्या चौफुल्यांना चिनी खेळाडू ‘ची’ म्हणतात, म्हणजे श्वास. पटाच्या मधल्या एकट्या खड्याला चार श्वास, काठावरच्याला तीन आणि अगदी कोपऱ्यातल्याला दोनच. एकाच रंगाचे खडे रेघेने जुळले की त्यांचे श्वास सामायिक होतात. शत्रूने शेवटचा श्वास बुजवला की अख्खा जथा उचलला जातो. लहानपणी वाघबकरी खेळलेल्या माणसाला हे पटकन कळतं. तिथे वाघाला हलता येऊ नये म्हणून कोंडतात, इथे श्वास घेता येऊ नये म्हणून. फरक इतकाच की इथे सगळेच वाघ आणि सगळ्याच बकऱ्या.

आणखी एक नियम, आणि सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे: जिथे आपल्या खड्याला एकही श्वास उरणार नाही, तिथे तो ठेवता येत नाही. अपवाद एकच. तो खडा ठेवल्यामुळे शत्रूचे खडे मरत असतील तर चालतं, कारण ते उचलले की जागा रिकामी होते आणि आपल्याला श्वास मिळतो.

आता काळ्याने एक रिकामी चौफुली चारही बाजूंनी घेरली आहे असं समजा. तो झाला एक डोळा. बाहेरून पांढऱ्याने पूर्ण वेढा घातलाय आणि काळ्याला तेवढाच एक श्वास उरलाय. पांढरा त्या डोळ्यात खडा ठेवू शकतो का? ठेवू शकतो, कारण ठेवताच काळ्याचा शेवटचा श्वास जातो आणि सगळे काळे उचलले जातात. अपवाद लागू झाला. पण असे दोन डोळे असतील तर? पांढऱ्याने पहिल्यात खडा ठेवला तरी काळ्याला दुसऱ्याचा श्वास आहे, म्हणून काळा मरत नाही. पांढऱ्याचा खडा मात्र श्वासाविना, म्हणून तो ठेवायलाच मनाई. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. पांढऱ्याला दोन्ही जागा एकाच वेळी बुजवायला हव्यात आणि त्याच्या हातात एका वेळी एकच खडा.

इथे माझं टिपरं आडवं आलं. उसात एक डोळा गेला तरी दुसरा पुरतो. इथे एक गेला की उरलेला डोळा, डोळाच राहत नाही. मी हे भाचीला सांगितलं, तिने सेन्सेईंना सांगितलं. ऊस काय असतो ते त्यांना ठाऊक होतं, टिपरं समजवायला वेळ लागला. मग ते बराच वेळ हसले आणि त्यांनी कोपऱ्यात सहा खडे मांडले.

पुढच्या आकृत्या पटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याच्या आहेत. उभ्या रेघांना क, ख, ग अशी अक्षरं, आडव्यांना खालून वर आकडे. म्हणजे क१ हे कोपऱ्याचं टोक.

```
४ ● ● · ·
३ · ● · ·
२ ● ● · ·
१ · ● · ·
  क ख ग घ
```

रिकाम्या जागा दोन, क१ आणि क३. दोन्ही डोळे. सहा खड्यांत जीव. हेच काठाच्या मध्यावर करायचं तर आठ खडे लागतात आणि पटाच्या मधोमध दहा. कारण उघड आहे. कोपऱ्यात दोन बाजूंच्या भिंती फुकट मिळतात, काठावर एक, मध्यभागी सगळं कुंपण स्वतःच्या खर्चाने. म्हणूनच जाणते खेळाडू डाव कोपऱ्यातून सुरू करतात.

मग सेन्सेईंनी ख२ वरचा काळा उचलला, तिथे पांढरा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा घ्यायला उठून गेले.

```
४ ● ● · ·
३ · ● ○ ·
२ ● ○ · ·
१ · ● ○ ·
  क ख ग घ
```

क१ अजून काळ्यांनीच घेरलेलं दिसतं, क३ सुद्धा. मी म्हटलं, अजून दोन डोळे आहेत की. भाची गप्प. ते परत आले आणि त्यांनी क१ वर पांढरा ठेवला. ख१ चा काळा कोणाशीच जुळलेला नव्हता, त्याचा एकुलता श्वास क१ होता, तो गेला. ख१ उचलला गेला. आता क२ च्या काळ्याला फक्त क३ चा श्वास. तो वाचवायला काळ्याने क३ मध्ये खडा घातला तर आपलाच दुसरा डोळा बुजतो. नाही घातला तर पांढरा क३ वर येतो आणि वेढा पुरा असेल तर सगळंच जातं. एक खडा बदलला आणि दोन्ही डोळे खोटे निघाले. ख१ ची जागा काळा उलट मारून परत घेऊ शकतो (लगेच नाही, त्याचा नियम पुढे येतो), पण त्या भांडणाला पूर्णविराम द्यायचा तर त्याला क१ स्वतःच बुजवावं लागतं. म्हणजे डोळा गेला तो गेलाच.

खोटा डोळा ओळखायचा कसा? डोळ्याला रेघेने लागलेल्या जागांकडे नाही, तिरक्या जागांकडे पाहायचं. घेरणारे खडे एकमेकांना जोडतात ते तिथेच. मध्यभागी चार तिरक्या जागांपैकी तीन हव्यात, काठावर दोन्ही, कोपऱ्याच्या टोकाला फक्त एक, पण ती हवीच. ख२ ही क१ ची एकुलती तिरकी जागा आहे आणि क३ च्या दोनांपैकी एक. म्हणून पांढऱ्याचा तो एक खडा दोन्हीकडे लागला. नवशिक्याचे पहिले कित्येक डाव याच एका जागेवरून जातात. माझे गेले.

डोळे असे तयार क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा हातात एक मोठी रिकामी जागा असते आणि तिचे दोन भाग होतील का, हा प्रश्न असतो. कोपऱ्याच्या तळाशी क१, ख१, ग१ अशा तीन जागा सरळ ओळीत काळ्याने घेरल्या आहेत असं धरा. काळ्याची पाळी असेल तर तो ख१ वर खडा ठेवतो, डावीकडे एक डोळा, उजवीकडे एक, जगला. पांढऱ्याची पाळी असेल तर तोही ख१ वरच ठेवतो आणि काळा मेला. तीन जागा आहेत पण त्यांचे दोन तुकडे आता होत नाहीत. काळ्याने क१ वर खडा ठेवून नंतर ग१ वर ठेवला, पांढऱ्याचा खडा मारला, तर हाती येतो ख१ चा एकच डोळा.

जपानीत हे ‘नाकादे’, मध्ये हात घालणं. तीन जागा कोपऱ्यात वळलेल्या असल्या, म्हणजे क१, ख१ आणि क२, तर मर्माची जागा वळणावरची, क१. चार जागा चौरसात असतील, क१, ख१, क२, ख२, तर काळ्याची पाळी असूनही उपयोग नाही. कुठेही खडा ठेवा, उरतात वळलेल्या तीन, आणि पांढरा वळणावर बसतो. चार मात्र सरळ ओळीत असतील तर काळा निर्धास्त. मध्ये मर्माच्या जागा दोन आहेत, पांढऱ्याने एक घेतली की काळा दुसरी घेतो.

हे ऐकून मी हुशारी केली. चार जागा ओळीत असतील आणि ती ओळ काटकोनात वळली असेल तरी मध्ये जागा दोनच, तेव्हा तीही जिवंतच, नाही का? सेन्सेईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला त्या देशात शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांनी मांडलं ते असं:

```
३ ● ● · · ·
२ · ● ● ● ·
१ · · · ● ·
  क ख ग घ ङ
```

रिकाम्या चार जागा क२, क१, ख१, ग१. बाहेर पांढऱ्याचा वेढा आहे असं धरा. पांढरा ख१ वर ठेवतो. माझ्या हिशेबाने काळ्याने दुसरी मधली जागा घ्यायची, क१. मी ठेवला. आता क२ एक डोळा, आणि ग१ वर खडा ठेवून ख१ चा पांढरा मारला की दुसरा. सेन्सेईंनी शांतपणे क२ वर पांढरा ठेवला आणि माझा क१ चा खडा उचलून घेतला.

माझा विश्वास बसेना. डोळ्यात ठेवता येत नाही ना? येतं, जर त्यामुळे काही मरत असेल तर. क१ च्या खड्याचे शेजारी दोनच, क२ आणि ख१. दोन्हीकडे पांढरे आले, उरलेल्या दोन बाजूंना पटच नाही. हीच वळलेली चारची जागा कोपऱ्यापासून दूर असती तर वळणावरच्या खड्याच्या उरलेल्या दोन बाजूंना काळ्याचं स्वतःचं कुंपण असतं, खडा त्याला जोडला गेला असता आणि काळा आरामात जगला असता. ज्या भिंती कोपऱ्यात फुकट मिळाल्या म्हणून मी खूश होतो, त्या माझ्या बाजूच्या नव्हत्या. भिंत शत्रूला अडवते, पण आपल्या खड्याला हात देत नाही.

आता काळा क१ वर पुन्हा खडा ठेवून क२ चा पांढरा मारू शकतो. मग पांढरा पुन्हा क२ वर, पुन्हा काळा क१ वर, असं अखंड. म्हणून नियम असा की लगेच परत मारता येत नाही, मध्ये एक चाल दुसरीकडे खेळावी लागते. या भांडणाला ‘को’ म्हणतात. शब्द बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे जपानात गेला, आणि मूळ संस्कृत ‘कल्प’ आहे. अनंतकाळ चालणारं, हा अर्थ अगदी चपखल. को सुरू झाला की दोघेही पटावर इतरत्र धमक्या शोधतात: इकडे उत्तर दे, नाहीतर तुझं तिकडचं जातं. शत्रू उत्तर देण्यात अडकला की आपण परत मारायचं. ज्याच्या धमक्या आधी संपतील तो हरला.

काळ्याने को जिंकला तर तो ग१ वर खडा ठेवून ख१ चा पांढरा मारतो आणि क२ व ख१ असे दोन खरे डोळे मिळतात. पांढऱ्याने जिंकला तर तो क१ भरतो. काळ्याने ते तीन पांढरे मारले तरी उरतात कोपऱ्यातल्या वळलेल्या तीन जागा आणि पांढरा टोकावर बसून सगळं संपवतो. म्हणजे हा आकार ना जिवंत, ना मेलेला. जगणं-मरणं पटाच्या दुसऱ्या टोकाला किती धमक्या पडल्यात त्यावर. काळ्याची पाळी असताना त्याने वेळीच ख१ वर एक खडा ठेवला असता तर हे काहीच घडलं नसतं.

काळा आणि पांढरा दोघांनाही हवी असलेली जागा एकच, ख१. कोपऱ्याच्या टोकाशेजारची ही जागा जपान्यांच्या भाषेत ‘नि नो इची’, दोन-एक. अचाट चाल दोन-एकवर असते अशी त्यांच्यात म्हण आहे. कोपऱ्यातलं कोडं सुटेनासं झालं की मी आता आधी तिथेच बोट ठेवतो. प्रत्येक वेळी उत्तर तेच असतं असं नाही, पण इतर जागांपेक्षा फार वेळा असतं. जपानीत या विद्येचं नाव ‘शिकात्सु’, म्हणजे मृत-जिवंत. मरण आधी. या कोड्यांचे संग्रह शतकानुशतकं होत आलेत. इनोउए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इनसेकी यांचा ‘इगो हात्सुयोरोन’ १७१३ सालचा, आणि घराण्याबाहेर कोणाला दाखवायचा नाही म्हणून जपून ठेवलेला. तो माझ्यासारख्यांसाठी नव्हे. त्यातली कोडी व्यावसायिकांनाही घाम फोडतात.

शेवटच्या आठवड्यात सेन्सेईंनी एक आकृती मांडली आणि मला विचारलं, कोण जिवंत?

```
३ ● ● · · · ·
२ · ● ● ● ● ·
१ ○ ○ ○ · ● ·
  क ख ग घ ङ च
```

बाहेर पांढऱ्याचा भक्कम वेढा, काळ्याला बाहेर एकही श्वास नाही. आत काळ्याचे श्वास दोन, क२ आणि घ१. आतल्या तीन पांढऱ्यांचेही तेच दोन. मी दहा मिनिटं पाहत बसलो. काळ्याने क२ वर ठेवला तर काळ्याला एकच श्वास उरतो आणि पांढरा घ१ वर ठेवून सगळे काळे उचलतो. घ१ वर ठेवला तर पांढरा क२ वरून तेच करतो. म्हणजे काळ्याला हात लावायची सोय नाही. पांढराही हलत नसेल तर दोघंही जिवंत, अशी कोंडी गोमध्ये असते, तिला ‘सेकी’ म्हणतात. मी म्हटलं, सेकी.

“पांढरा हलू शकतो,” भाचीने त्यांचं वाक्य सांगितलं. “मामा, तू बघ, क२ वर ठेवला तर?”

क२ वर पांढरा ठेवला की आत चार पांढरे, वळलेल्या ओळीत. काळ्याचा एक श्वास उरला, घ१. त्याला मारावंच लागतं, तो घ१ वर ठेवून चारही उचलतो. चार खडे मिळाले! आणि मागे रिकाम्या राहतात क२, क१, ख१, ग१. म्हणजे काळा स्वतः वळलेल्या चारच्या आकारात येऊन उभा राहिला, आणि पाळी पांढऱ्याची. पांढरा ख१, काळा क१, पांढरा क२, को. आणि त्या कोत पहिला खडा मारणारा पांढरा.

यातली खरी गोम पुढे आहे. हे सगळं कधी सुरू करायचं ते ठरवणार पांढरा, काळा नाही. तेव्हा पांढरा डावाच्या अगदी शेवटापर्यंत थांबतो. पटावर काळ्याला धमकी देता येईल अशी एकेक जागा आधी बुजवून टाकतो आणि मगच क२ वर ठेवतो. तोवर काळ्याकडे द्यायला धमकीच उरलेली नसते. म्हणून जपानी नियमांत कोपऱ्यातल्या या वळलेल्या चारांतला काळा मेलेलाच धरतात, प्रत्यक्ष न खेळता. ‘निहोन कि-इन’ या संस्थेने १९४९ साली नियम लेखी केले, १९८९ साली सुधारले, दोन्हींत निकाल तोच. जपानी मोजणीत फक्त घेरलेली रिकामी जागा आणि पकडलेले खडे मोजतात, त्यामुळे धमक्या बुजवण्यासाठी स्वतःच्या घेरलेल्या जागेत खडे भरले की तेवढे गुण जातात. नियमाने पांढऱ्याची ती झीज वाचवली. चिनी मोजणीत स्वतःचे खडेही गुण धरतात, भरायला काही खर्च येत नाही, म्हणून तिथे म्हणतात, खेळून दाखवा. आणि पटावर दुसरीकडे बुजवताच न येणारी एखादी धमकी काळ्याच्या हातात असेल, तर चिनी नियमांत तो खरंच वाचू शकतो. एकाच पटावर तोच काळा एका देशात मेलेला आणि शेजारच्या देशात जिवंत. मला हे फार आवडलं. भाचीला नाही. ती म्हणाली, नियमाने खेळ सोपा व्हायला हवा, वकिली नको.

गावी परतल्यावर मी कॅलेंडरच्या पाठीवर ९ रेघा आखल्या, काळ्यांसाठी चिंचोके घेतले, पांढऱ्यांसाठी पावटे. भाऊ शेतातून आला. त्याला हा शेवटचा आकार दाखवला, चिंचोके मेले आहेत हेही सांगितलं. तो पाय न धुताच बराच वेळ ओणवा होऊन पाहत राहिला.

“मेलेत तर उचलत का नाहीस?”

“डाव संपल्यावर उचलायचे. आधी उचलायला गेलं तर एकेक पावटा खर्ची पडतो.”

“आणि तोवर?”

“तोवर पडून राहतात.”

त्याने घ१ वर बोट टेकवलं, मग क२ वर, मग पुन्हा घ१ वर. “इथं ठेवला तर इथनं येतो,” तो स्वतःशीच म्हणाला, “आणि इथं ठेवला तर इथनं.” आतून जेवायला हाक आली, तरी त्याचं बोट पटावरच होतं.